व्यवसाय: नोकरी

‘फॉर्मवर “व्यवसाय” असा रकाना असतो. मी तर नोकरी करतो, माझा काही व्यवसाय नाही. मग तिथे काय लिहायचं? आणि वडिलांचं छोटं चरित्र लिहायला घेतलंय, त्यात व्यवसाय, पेशा, हुद्दा, पद यांतलं नेमकं काय वापरायचं?’

रकान्यात ‘नोकरी’ असंच लिहा. विचित्र वाटेल, पण ते बरोबर आहे. घोटाळा होतो तो व्यवसाय हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो म्हणून. बोलताना ‘त्याचा स्वतःचा व्यवसाय आहे’ म्हणजे तो कोणाच्या हाताखाली नाही, दुकान किंवा कारखाना चालवतो. सरकारी कागदावरचा व्यवसाय मात्र फक्त ‘पोट कशावर चालतं’ एवढंच विचारतो. नोकरी, शेती, शेतमजुरी, व्यापार ही सगळी त्याची उत्तरं. पगाराच्या चिठ्ठीवर बघा, नोकरदाराकडूनही ‘व्यवसाय कर’च कापला जातो. महाराष्ट्रात वरच्या टप्प्यातल्या पगाराला अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300, मिळून वर्षाचे 2500 रुपये. फेब्रुवारीचा पगार शंभराने कमी का आला, याचं उत्तर तेच. ज्या 1975च्या कायद्याने हा कर घेतात त्याच्या नावातच व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकऱ्या असे चार शब्द एका ओळीत बसवलेले आहेत. बोलीभाषेत ‘व्यवसाय कर’ एवढाच उरला आणि बाकीचे तिघे पोटात गेले.

कायद्याच्या मराठीत अशा शब्दांची रांग लावतात ती कोणी निसटू नये म्हणून. संविधानाच्या कलम 19च्या मराठी पाठातही पेशा, व्यवसाय, व्यापार आणि धंदा असे चार शब्द शेजारी आहेत. त्यांच्यात काटेकोर सीमा शोधायला जाऊ नये. वकील आणि डॉक्टर ‘पेशा’त बसतात, किराणा दुकान ‘धंद्या’त, हे कळतं, पण छायाचित्रकार कुठे, यावर कितीही वाद घालता येईल. फॉर्म भरणाऱ्याला त्या वादाची गरज नसते.

फॉर्मवर खरी चूक दुसरीच होते. आपल्याकडे ‘काय करता?’ या प्रश्नाला ‘बँकेत आहे’, ‘कोर्टात आहे’, ‘झेडपीत आहे’ असं उत्तर द्यायची रीत आहे. त्यातून माणूस कुठे आहे ते कळतं, काय करतो ते कळत नाही. बँकेत रोखपाल असतो, ड्रायव्हर असतो, सुरक्षारक्षकही असतो. म्हणून चांगल्या फॉर्ममध्ये तीन रकाने वेगळे असतात: व्यवसाय, पदनाम आणि कार्यालयाचं नाव व पत्ता. समजा एक गृहस्थ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. व्यवसाय: नोकरी. पदनाम: उपशिक्षक. कार्यालय: शाळेचं पूर्ण नाव, केंद्र, तालुका. पहिल्या रकान्यात ‘शिक्षक’ लिहिलं तरी कोणी फॉर्म परत करणार नाही, पण दुसऱ्या रकान्यात ‘सरकारी नोकर’ लिहिलं तर लिपिक पेनाने गोल करून परत देईल, कारण ते पदनाम नव्हे. एकच रकाना असेल तर ‘नोकरी (उपशिक्षक, जिल्हा परिषद)’ असं कंसात भरावं.

हेच गृहस्थ अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, गावाकडे तीन एकर आहे आणि ते कविताही लिहितात. आता रकाना अवघड होतो. ‘कवी’ लिहू नये, कारण कवितेवर घर चालत नाही. ‘शेती’ तेव्हाच लिहावं, जेव्हा ते स्वतः कसतात किंवा कसून घेतात आणि त्यावर काही मिळतं. नुसतं सातबाऱ्यावर नाव असणं म्हणजे शेती करणं नव्हे. ‘सेवानिवृत्त’ हे खरं तर व्यवसायाचं नाव नाही, ती अवस्था आहे, पण बहुतेक कार्यालयं ते स्वीकारतात. उत्पन्नाचा मार्ग वेगळा विचारला असेल तर तिथे ‘निवृत्तिवेतन’ येतं. आयकराच्या हिशेबात ते अजूनही ‘वेतन’ याच शीर्षाखाली मोडतं, त्यामुळे विवरणपत्रात ते धंद्याच्या शीर्षाखाली टाकू नये.

आता चरित्र. इथे ‘व्यवसाय: नोकरी’ एवढ्याने एक वाक्यही उभं राहत नाही. मराठीने यासाठी एक सोय करून ठेवली आहे, ती लोक विसरतात. कामाला स्वतःचं नाव आहे: वकिली, डॉक्टरकी, मास्तरकी, भिक्षुकी, गवंडीकाम, शिंपीकाम, हमाली. ‘वडील शिक्षकी पेशात होते’ हे निवेदन आहे. ‘वडिलांनी तेहतीस वर्षं मास्तरकी केली’ म्हटलं की खडू दिसतो. पेशा हा शब्द मला तरी जपून वापरावासा वाटतो. वकिली, वैद्यकी, शिक्षण अशा शिकून घ्यायच्या आणि स्वतःचे नियम असलेल्या कामाला तो शोभतो. सगळ्यांनाच पेशा चिकटवला की चरित्र श्रद्धांजलीच्या बोर्डासारखं वाचायला लागतं. ‘धंदा’ याच्या उलट. जोडधंदा, नोकरीधंदा, उद्योगधंदा यांत तो अजून भला माणूस आहे, एकटा आला की बदनाम होतो. म्हणून एखाद्या कापडदुकानदाराबद्दल ‘ते कापडाचा धंदा करत’ यात काही गैर नाही, पण ‘त्यांनी त्याचा धंदा केला’ या वाक्यातला धंदा वेगळा, हे लिहिणाऱ्याच्या कानाला कळायला हवं.

हुद्दा आणि पद यांतही थोडा फरक आहे. पद कागदावर मंजूर असतं, रिकामं असू शकतं, भरलं जातं. हुद्दा माणसाला चिकटतो. ‘पद रिक्त आहे’ म्हणतात, ‘हुद्दा रिक्त आहे’ कोणी म्हणत नाही. आणि ‘पद भूषवलं’ हा प्रयोग चरित्रांतून काही काळ तरी हद्दपार करावा. कनिष्ठ लिपिक पद भूषवत नाही, तो त्या पदावर काम करतो.

पदाच्या बाबतीत चरित्रकार सर्वांत जास्त चुकतो ते तारखेत. घरात सेवापुस्तक मिळालं तर ते आधी उघडा. त्यात नियुक्ती आदेशाची तारीख एक आणि रुजू झाल्याची तारीख दुसरी असते, सोबत ‘मध्यान्हपूर्व’ किंवा ‘मध्यान्होत्तर’ असा शेराही असतो. आदेश निघून माणूस तीन आठवड्यांनी रुजू झाला असेल, तर ‘नोकरी लागली’ ती रुजू झाल्या दिवशी. दुसरं म्हणजे ‘प्रभारी’. वरिष्ठ जागा रिकामी असते, म्हणून वडिलांकडे मुख्याध्यापकपदाचा अतिरिक्त कार्यभार दोन वर्षं असतो. घरच्यांच्या आठवणीत तो पुढे ‘मुख्याध्यापक झाले’ असा होतो. सेवापुस्तकात पदोन्नतीची नोंद आणि बदललेली वेतनश्रेणी दिसत नसेल, तर ते प्रभारीच होते. तसं लिहिल्याने त्यांची किंमत कमी होत नाही. वेतन एका पदाचं आणि काम दोघांचं, हे उलट जास्त सांगून जातं.

पदनामं बदलतातही. 2024मध्ये महाराष्ट्रात तलाठ्याचा ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला. पण 1985 साली फेरफार नोंदवायला आलेला माणूस तलाठीच होता आणि चरित्रात त्याला तलाठीच म्हणायचं. हाच नियम मोठ्या माणसांनाही लागतो. महादेव गोविंद रानडे मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले 1893 साली. तरी 1870च्या दशकातल्या पुण्याबद्दल लिहिताना ‘न्यायमूर्ती रानडे सभेला उपस्थित होते’ अशी वाक्यं सर्रास दिसतात. त्या वेळी ते पुण्यात दुय्यम न्यायाधीश होते, त्यांच्या वर साहेब होते, बदलीची टांगती तलवार होती. ‘न्यायमूर्ती’ म्हटलं की हे सगळं पुसलं जातं आणि सरकारी चाकरीत राहून सार्वजनिक कामात पडण्यातली अडचण वाचकाला कळतच नाही.

मग उरतं ते काम, जे कुठल्याच रकान्यात येत नाही. धोंडो केशव कर्वे 1891पासून 1914पर्यंत फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. 1900 साली त्यांच्यापुढे आजचा फॉर्म ठेवला असता तर व्यवसाय: नोकरी, पदनाम: गणिताचे प्राध्यापक. हिंगण्याचा आश्रम, विधवांचं शिक्षण, पुढे 1916चं महिला विद्यापीठ, यांतलं एक अक्षर तिथे आलं नसतं, आणि ‘महर्षी’ही आलं नसतं, कारण ते लोकांनी दिलेलं आहे, पद नव्हे. तरी चरित्रकाराने नोकरीचा रकाना टाकून देऊ नये. वर्गातला पगार होता म्हणून घर चालत होतं आणि उरलेला वेळ आश्रमाला जात होता. दोन्ही एकत्र मांडलं तर वाचकाला दिवसाचे तास मोजता येतात. ‘त्यांनी आयुष्य वाहून घेतलं’ या वाक्यात ते तास सापडत नाहीत. ‘व्रत’ हा शब्द वापरायचाच असेल तर त्यासाठी माणसाने काय सोडलं ते शेजारच्या वाक्यात यायला हवं: पैसा, बढती, नातलग, जे असेल ते. नसेल तर ‘आवड’ म्हणावं, तोही चांगला शब्द आहे.

क्वचित माणूस स्वतःच रकाना उलटवतो. मार्च 1922मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून पकडल्यानंतर अहमदाबादेत गांधींना व्यवसाय विचारला गेला, तेव्हा त्यांनी शेतकरी आणि विणकर असं सांगितलं. लंडनच्या इनर टेंपल या बॅरिस्टरांच्या संस्थेच्या यादीतून त्यांचं नाव त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काढण्यात आलं, म्हणजे त्या दिवशी ते कागदोपत्री अजून बॅरिस्टर होते. गांधींनी सांगितलं तेच नोंदवलं गेलं. चरित्र लिहिणाऱ्याने दोन्ही लिहायचं असतं, आधी कोर्टातली नोंद, मग इनर टेंपलची तारीख. तुमच्या वडिलांनी एखाद्या जुन्या अर्जात ‘व्यवसाय’समोर काय भरलंय ते शोधा, अर्ज त्यांच्या हाताने भरलेला असेल तर तो शब्द बदलू नका, अवतरणात तसाच ठेवा.