कणी

बिर्याणीत माझा सगळ्यात जास्त जीव खालीवर होतो तो मटण-चिकनपाशी नाही, भात वेळताना. मसाला थोडा कमीजास्त झाला तरी खपून जातो, पण भात एक मिनिट जास्त उकळला की झाकण उघडल्यावर बिर्याणीच्या जागी मसालेभात, आणि तोही गिचका.

पहिल्यांदा केली तेव्हा मी कुठेतरी वाचलेलं "आठ मिनिटं" धरून चाललो होतो. घड्याळ लावलं, आठव्या मिनिटाला भात चाळणीत ओतला, तेवढ्यात फोन आला, दहा मिनिटं बोललो, आणि परत येऊन बघतो तर चाळणीतच भात छान शिजून बसलेला. गॅसवरून काढला म्हणून भात शिजायचा थांबत नाही, स्वतःच्या वाफेत शिजतच राहतो हे तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं. तोच भात चिकनवर पसरून वर पंचवीस मिनिटं दम दिला. पुढचं सांगत नाही.

मग आत्याने एकदा बाजूला उभं करून दाखवलं. आधण खळखळत असताना झाऱ्याने दोन-चार शितं काढली, एक शीत अंगठा आणि बोटात धरून चेपलं. "बघ, बाहेरून मऊ झालंय पण मधे पांढरा ठिपका दिसतोय ना, ती कणी. ती असतानाच काढायचा. बोटचेपा झाला म्हणजे उशीर झाला." चेपल्यावर शिताचे दोन-तीन तुकडे व्हायला हवेत, पीठ नाही. ती कणी म्हणजे जिथपर्यंत पाणी अजून नीट पोचलेलंच नाही तो भाग, आणि तिला लागणारं उरलेलं पाणी दमाच्या वाफेतून, चिकनच्या रसातून मिळणार असतं. म्हणजे आपण भात शिजवत नसतोच, अर्धवट सोडत असतो.

पण ही कणी खरं बोलायला हवी असेल तर तांदूळ आधी अर्धा तास भिजलेला पाहिजे. न भिजवता टाकला की बाहेरचा थर फुलून फाटायला लागतो आणि आत दाणा कच्चाच, कणी दिसते म्हणून आपण उकळत ठेवतो आणि बाहेरून लगदा होतो.

आता माझा हिशोब असा, अर्धा किलो जुना बासमती, तीन लिटर पाणी, आणि मीठ इतकं की पाणी चाखल्यावर चांगलं खारट लागलं पाहिजे (पहिल्यांदा हात कचरतो, पण बहुतेक मीठ पाण्याबरोबर निघून जातं, आणि इथे कंजुषी केली तर भात अळणी राहतो तो नंतर सुधारत नाही). पाणी भरपूर का, तर तांदूळ टाकल्यावर उकळी फार वेळ बसत नाही आणि दाणे मोकळे फिरतात. परत उकळी आली की तिसऱ्या मिनिटापासून मी दर अर्ध्या मिनिटाला शितं चेपतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात खरं, पण एका शितावर मी विश्वास ठेवत नाही, कडेचं, मधलं, तळाचं अशी तिन्हीकडची बघतो.

चिकन आधी शिजवलेलं असेल तर सगळा भात एकदमच, साधारण पाचव्या मिनिटाला, बारीक कणी असताना काढतो. खरी गंमत कच्च्या चिकनची. दह्यात मुरवलेलं कच्चं चिकन तळाला असतं, ते शिजताना भरपूर पाणी सोडतं आणि त्याला दमही चाळीसेक मिनिटांचा लागतो, त्यामुळे चिकनला लागून असलेला भात खूप पाणी पितो. म्हणून पहिला थर तिसऱ्या मिनिटालाच, दाणा चेपला तर कडक कणी लागेल असा, झाऱ्याने निथळून थेट चिकनवर. उरलेला भात पातेल्यात तसाच उकळत, तो पाचव्या मिनिटाला वरच्या थरात. वरच्याला फक्त वाफ मिळणार, म्हणून तो जास्त शिजलेला हवा. आणि चाळणी नाहीच, झाऱ्यातून थेट टोपात, म्हणजे भाताला चिकटून जे थोडं गरम पाणी येतं त्याचीच वाफ होते. लगेच कडेला कणीक लावून झाकण बंद, दहा मिनिटं मोठी आंच, मग खाली तवा सरकवून मंद.

परवा तरी वरचा थर जरा लवकरच काढला गेला, झाकण उघडलं तर दाताखाली कणी येत होती. पाव वाटी कडकडीत गरम पाणी वरून शिंपडलं, झाकण घट्ट, परत दहा मिनिटं, बसला. गिचका झालेल्याला असला काही उपाय नाही, म्हणून मी हल्ली चुकायचंच असेल तर कच्च्या बाजूला चुकतो. त्या दहा मिनिटांत पाहुण्यांनी अर्धी कोशिंबीर संपवली होती.