पहिल्या स्लॅशपासून मागे

कारखान्याच्या ऑफिसात संगणक विभाग सांभाळायचा म्हणजे निम्मा दिवस प्रिंटर आणि पासवर्ड यांतच जातो. सप्टेंबरमधला तो दिवस मात्र एका मेलने खाल्ला.

सकाळी अकाउंट्सच्या मॅडमचा फोन आला. "सर, इन्कम टॅक्सचा मेल आलाय, रिफंड मंजूर झालाय म्हणे. लिंक बरोबर दिसतेय, पण माऊस नेला की खाली काहीतरी वेगळंच येतंय. मी अजून क्लिक केलेलं नाही, तुम्ही येऊन बघा."

मला फार बरं वाटलं. लिंकवर माऊस नेऊन नुसता थांबवायचा आणि ब्राउझरच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात काय उमटतं ते वाचायचं, हे मी ऑफिसात येता-जाता सांगत असतो. आउटलुकमध्ये तोच पत्ता माऊसशेजारी छोट्या चौकटीत दिसतो. मॅडमनी ते खरोखर केलं होतं.

मेल हुबेहूब होता. वर आयकर विभागाचं बोधचिन्ह, मॅडमचं पूर्ण नाव, 18,540 रुपयांचा परतावा आणि खाली निळ्या अक्षरांत `https://www.incometax.gov.in`. वेळही अचूक साधली होती. विवरणपत्रं भरून झालेली असतात आणि जो तो परताव्याची वाट बघत असतो. अशा दिवसांत असा मेल आला तर शंका येण्याआधी आनंद होतो. पण त्या निळ्या अक्षरांवर माऊस ठेवला की कोपऱ्यात bit.ly आणि पुढे काही निरर्थक अक्षरं दिसत होती.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मेलमध्ये जो मजकूर दिसतो तो आणि लिंक जिथे नेते तो पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी असतात. आत ते असं लिहिलेलं असतं:

```
<a href="https://bit.ly/...">https://www.incometax.gov.in</a>
```

वाचणाऱ्याला फक्त मधला भाग दिसतो. ब्राउझर जातो तो `href`च्या पत्त्यावर, आणि माऊस ठेवल्यावर दिसतो तोही तोच. एखाद्या वेबसाइटवर स्क्रिप्ट लिहून क्लिकच्या क्षणी पत्ता बदलता येतो. मेल वाचायचे प्रोग्रॅम मात्र अशा स्क्रिप्ट चालू देत नाहीत, म्हणून मेलमध्ये माऊस ठेवून दिसणारा पत्ता वेबपेजवरच्या पत्त्यापेक्षा जास्त भरवशाचा असतो.

आतला पत्ता लघुरूप निघाला की नुसता माऊस ठेवून भागत नाही. bit.ly, म्हणजे बिटली, ही लांब पत्ता छोटा करून देणारी सेवा, ते नुसतं वरचं वेष्टन झालं. आत काय आहे ते त्या सेवेच्या सर्व्हरला ठाऊक, आपल्याला नाही. आयकर विभागाला स्वतःची लिंक अशी झाकायचं काहीच कारण नाही, त्यामुळे मेल खोटा आहे हे तिथेच जवळजवळ नक्की झालं होतं. तरी हा मेल आणखी कोणाकोणाला गेला असेल आणि तिथे पोचल्यावर त्यांच्याकडून काय मागितलं जात असेल, हे कळायला खरा मुक्काम पाहणं भाग होतं.

मी मॅडमना लिंकवर राइट क्लिक करून पत्ता कॉपी करायला सांगितला, तो ब्राउझरच्या पट्टीत चिकटवला आणि एंटर दाबण्याआधी शेवटी `+` हे चिन्ह जोडलं. बिटलीच्या लिंकला असा अधिक जोडला की ती पुढे नेत नाही, मूळ पत्ता दाखवणारं बिटलीचंच पान उघडतं. टायनीयूआरएल या अशाच दुसऱ्या सेवेची लिंक असेल तर `tinyurl.com`च्या आधी `preview.` लावायचं. परिणाम तोच.

पुन्हा खात्री म्हणून माझ्या टेबलावर येऊन मी हीच गोष्ट कमांडने पाहिली:

```
curl -sI https://bit.ly/...
```

`-I` दिल्यामुळे फक्त शीर्षकं मागवली जातात, पानाचा मजकूर येत नाही. उत्तरात `301` हा पुढे वळवल्याचा कोड आला आणि खाली `location:` असं लिहून पुढचा पत्ता. इथे `-L` लावायचं नाही, कारण तो लावला की कमांड स्वतःच पुढच्या पत्त्यावर जाऊन पोचते. न लावता विचारलं तर चौकशी फक्त बिटलीकडे होते, भामट्याच्या सर्व्हरला आपण आलो हेही कळत नाही. `location:`मध्ये पुन्हा एखादी छोटी लिंक आली तर तिलाही असंच विचारायचं, एकेक पायरी.

आमच्या उत्तरात आलेला पत्ता या घाटाचा होता (शेवटचं खरं नाव मी बदललं आहे):

`https://www.incometax.gov.in.refund-claim.example/itr/`

मॅडम म्हणाल्या, "यात तर incometax.gov.in आहेच की!"

नेमकं हेच भामट्याला हवं असतं. आपण डावीकडून वाचतो, ओळखीचं नाव दिसलं की डोळा तिथेच थांबतो. मालक मात्र उजवीकडे लिहिलेला असतो. मी त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर पत्ता मोठ्या अक्षरांत लिहिला आणि `https://` सोडून पुढची पहिली तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, दाखवली. त्या स्लॅशपासून मागे यायचं. सगळ्यात शेवटी `example`, त्याआधी `refund-claim`. झालं, हे पान `refund-claim.example` ज्याने घेतलं त्याचं. त्याच्या डावीकडे मालकाला हवं ते लिहिता येतं, `incometax.gov.in` सुद्धा. खऱ्या पत्त्यात पहिल्या स्लॅशच्या लगेच आधी `gov.in` येतं, आणि `gov.in` सरकारी संस्थांशिवाय कोणाला मिळत नाही.

मॅडमनी विचारलं, "मागे किती शब्द घ्यायचे?" शेवट `.com` असेल तर त्याआधीचा एक शब्द मालकाचा. शेवटी `.gov.in` किंवा `.co.in` अशी जोडी असेल तर त्या जोडीच्या आधीचा. बँकांचं तर आता आणखी सोपं झालं आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत `.bank.in` वर जायला सांगितलं, आणि तो शेवट बँकेखेरीज कोणाला घेता येत नाही. स्लॅशच्या लगेच आधी `.bank.in` असेल तर ती बँकच. पत्त्यात मध्येच कुठेतरी `bank` दिसलं तर त्याचा काही उपयोग नाही.

स्लॅशच्या आधी `@` दिसला तर डाव्या बाजूचं सगळं सोडून द्यायचं, कारण ब्राउझर `@`च्या पुढच्या नावाकडेच जातो. हेही त्या पानावर खाली लिहून दिलं.

एवढं होईपर्यंत स्टोअरमधले काका दारात येऊन उभे राहिले. हातात मोबाइल, चेहरा उतरलेला. त्यांनाही तोच मेल आला होता, आणि फोनवर माऊस नसतोच. त्यांनी लिंक दाबली होती, उघडलेल्या पानावर डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचा तीन आकडी कोड भरला होता. पानाच्या पट्टीत कुलूप होतं म्हणून विश्वास ठेवला, असं ते म्हणाले. कुलुपाचा अर्थ एवढाच की आपला फोन आणि ते संकेतस्थळ यांच्यातलं बोलणं मध्ये कोणी वाचू शकत नाही. पलीकडे कोण बसलंय हे कुलूप सांगत नाही.

मग त्यांना ओटीपी आला. "काका, ओटीपी टाकला का?"

"नाही रे बाबा. त्या एसएमएसमध्ये सोळा हजारांची खरेदी असं लिहिलं होतं. पैसे यायचे होते ना, मग खरेदी कसली? म्हणून तुझ्याकडे आलो."

एसएमएस पूर्ण वाचल्यामुळे त्यांचे पैसे वाचले. परताव्याला ओटीपी लागत नाही, कार्डही लागत नाही. तो विवरणपत्रात दिलेल्या आणि पडताळलेल्या बँक खात्यात थेट जमा होतो. आम्ही लगेच कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन लावून कार्ड बंद करून घेतलं. पैसे गेले असते तर पहिला फोन सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला केला असता, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्याआधी तक्रार नोंदली गेली तर ती गोठवता येण्याची शक्यता असते.

मग काकांच्याच फोनवर त्यांना दाखवलं. लिंकवर बोट टेकवून दाबून धरायचं, उचलायचं नाही. अँड्रॉइडवर छोट्या चौकटीत पत्ता येतो. आयफोनवर जरा जपून, तिथे दाबून धरलं की कधीकधी पानाची झलकच उघडते, म्हणजे पान लोड होऊन बसतं. ती झलक लपवायचा पर्याय तिथेच वर असतो, तो एकदा निवडला की पुढे नुसता पत्ता दिसतो. पण लांबलचक पत्ता फोनच्या पडद्यावर मध्येच कापला जातो, आणि बहुतेक वेळा शेवट, म्हणजे नेमका मालक, दिसेनासा होतो. म्हणून पैशाचा किंवा पासवर्डचा मेल फोनवरून उघडू नका, माझ्याकडे या, असं मी काकांना सांगितलं.

दुपारी उलट प्रकार घडला. आता सावध झालेल्या मॅडमनी पगारपत्रकाचा मेलही खोटा ठरवला. लिंकवर माऊस ठेवला तर आमच्या कंपनीचं नाव नाही, पगाराचं काम करणाऱ्या कंपनीचंही नाही, भलतंच काहीतरी आणि पुढे ओळभर अक्षरं. मेल खरा होता. मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्या सेवा प्रत्येक लिंक स्वतःच्या पत्त्यावरून वळवतात, कोणी कधी उघडलं ते मोजायला. म्हणजे अनोळखी पत्ता दिसला म्हणून मेल खोटा ठरत नाही, फक्त त्या लिंकवर विसंबता येत नाही. अशा वेळी लिंक सोडून द्यायची आणि संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करायचा. मॅडमनी तसंच केलं, पगारपत्रक उतरवून घेतलं. पगाराच्या कंपनीला मी त्याच दिवशी लिहिलं की लिंक थेट द्या, माणसांना सावध राहायला सांगायचं आणि मेल मात्र फसव्यासारखे पाठवायचे हे बरोबर नाही. या बाबतीत मी आजही त्यांच्या मागे लागलेला आहे.

संध्याकाळी निघण्याआधी मूळ मेल सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, `incident@cert-in.org.in`वर पाठवला आणि छोट्या लिंकची तक्रार बिटलीकडे केली. दुसऱ्या दिवशी त्या लिंकवर बिटलीचं धोक्याचं पान येत होतं. पण लघुलिंकचा मुक्काम मागाहून बदलताही येतो. आज अधिक लावून पाहिलेला पत्ता उद्या तोच असेल असं नाही, त्यामुळे तपासणी क्लिकच्या वेळीच करावी लागते.

पुढच्या आठवड्यात त्याच परताव्याचा मेल पुन्हा आला, या वेळी लिंकच नव्हती, क्यूआर कोड होता. माऊस ठेवायला काही नाही. मॅडमनी फोनचा कॅमेरा त्यावर धरला, खाली आलेल्या पट्टीला हात न लावता पत्ता वहीत उतरवला आणि मला फोन केला, "सर, स्लॅशच्या आधी gov.in नाही. डिलीट करू का तुम्हाला पाठवू?"

"पाठवा," म्हटलं.