क्लबचा व्हिडिओ: तिसरा मसुदा, आणि शेवटी सापडलेलं दृश्य

आमच्या धावण्याच्या क्लबात येणाऱ्या नवख्यांसाठी एका मिनिटाचा व्हिडिओ करतोय. पहिल्या दोन मसुद्यांत निवेदन होतं, ‘वेगाची चिंता नको, कुणीही या.’ ते मी आमच्या शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “असं सगळेच म्हणतात रे. तुम्ही पुढं निघून गेल्यावर मी काळोखात एकटी राहीन, त्याचं काय?”

भीती हळू धावण्याची नसते, मागे एकटं पडण्याची असते. मग तिसऱ्या मसुद्यातून आश्वासन काढलं आणि आमच्या रविवारच्या सरावाची रीतच दाखवायची ठरवली. पणजीत मिरामारहून समुद्राकडेच्या रस्त्यानं दोना पावलाच्या दिशेनं सगळे एकत्र निघतात. अंतर ठरलेलं नसतं, वेळ ठरलेली असते: वीस मिनिटं झाली की जो जिथं असेल तिथून परत फिरायचं. किलोमीटरला सहा मिनिटं घेणारा तोवर सव्वातीन किलोमीटरच्या थोडा पुढे गेलेला असतो, दहा मिनिटं घेणारी दोन किलोमीटरवर असते. दोघांनी आपापला वेग राखला तर चाळिसाव्या मिनिटाला दोघंही निघालेल्या जागी पोचतात. म्हणजे परतीच्या वाटेवर वेगवान मंडळी मागून येतात, आणि सगळ्यात हळू धावणारी व्यक्ती सगळ्यांच्या पुढे असते!

मागच्या रविवारी ट्रायपॉड सुरुवातीच्या जागी ठेवून हेच चित्रित केलं. काकूही आल्या. पण जोशात सुरुवातीलाच सुसाट निघाल्या, बोलताना धाप लागत होती. त्यांना परतायला वीसऐवजी सव्वीस मिनिटं लागली, आणि चौकटीत त्या शेवटी एकट्याच दिसल्या. जे टाळायचं तेच टिपलं गेलं. परतीचा वेळ जाण्याच्या वेळेपेक्षा वाढला, की सुरुवात जास्त जोरात झाली असं समजावं. इथल्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, शरीर तापतं, त्यामुळे ही चूक लवकर भोवते.

या रविवारी त्यांना एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं असं दिलं, तेही अख्खं वाक्य न अडखळता बोलता येईल इतक्याच वेगानं. अंतर जेमतेम पावणेदोन किलोमीटर झालं. परत यायला वीस मिनिटं आणि काही सेकंद. मागून तिघं धावत आले आणि चौघंही एकाच चौकटीत पोचले. हे बारा सेकंद मी अजिबात कापणार नाही.

निवेदन आता एवढंच आहे: “वीस मिनिटं पुढे. वीस मिनिटं मागे. तुम्हाला जमेल तेवढं अंतर. हवं तेव्हा चाला. परत मात्र सगळे एकत्रच.” शेवटचं वाक्य काकूंच्या आवाजात हवंय. ट्रायपॉडवरच्या फोनमध्ये नुसता वारा भरला होता, म्हणून ते उद्या घरी, पंखा बंद करून रेकॉर्ड करणार आहोत.