बुकिंग आत्ता घेता, मग आंब्याच्या पेटीची तारीख का नाही सांगत?

"बुकिंग फेब्रुवारीत घेता, पैसेही घेता, मग पेटी नेमकी कोणत्या तारखेला येणार ते का सांगत नाही? आणि आली की ती हिरवीच का असते?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दोन्ही प्रश्नांचं उत्तर झाडावरच्या मोहोरात आहे.

आमच्या देवगडकडे हापूसला मोहोर एकदम येत नाही. थंडी पडेल तसा तो टप्प्याटप्प्याने फुटतो, एकाच कलमाच्या दोन फांद्यांवरही महिनाभराचा फरक असतो. फळधारणेपासून आंबा तयार व्हायला साधारण चार महिने लागतात. म्हणजे डिसेंबरअखेर धरलेलं फळ एप्रिलच्या उत्तरार्धात उतरणार, जानेवारीच्या शेवटी धरलेलं थेट मे अखेरीस. मधेच जानेवारीत जोराची थंडी आली, तर आधीच कैऱ्या लागलेल्या फांदीला पुन्हा मोहोर येतो. नवा मोहोर अन्न ओढून घेतो आणि वाटाण्याएवढ्या कैऱ्या गळून पडतात. फेब्रुवारीत झाडाकडे बघून मला एवढंच सांगता येतं की एप्रिलच्या तोडणीत किती असेल आणि मेमध्ये किती. म्हणून बुकिंग तारखेचं नाही, पंधरवड्याचं घेतो. नेमका दिवस तोडणीच्या आदल्या दिवशी कळवतो.

आता हिरवेपणाचं. झाडावर पिकलेला आंबा सगळ्यात गोड, असं शहरात मानतात. हापूसच्या बाबतीत ते महागात पडतं. झाडावर फार राहिला तर आत साका धरतो: गर पांढरट, स्पंजासारखा, चवीला आंबट. बाहेरून काहीच दिसत नाही, सुरी फिरवल्यावरच कळतं. उन्हाची आणि तापलेल्या कातळाची धग त्याला कारण. म्हणून आम्ही आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवतो. सोळा आण्यांची वाट बघत नाही.

चौदा आणे ओळखायचे कसे? खांदे भरतात, म्हणजे देठाच्या दोन्ही बाजू वर येतात आणि देठ खळग्यात बसल्यासारखा दिसतो. गर्द हिरवा रंग उतरून फिकट होतो. शंका असेल तर बादलीत टाकून बघायचा. तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. कोवळं फळ आढीत पिवळं होतंही, पण साल सुरकुतते आणि आत गोडी येतच नाही. मार्चमध्ये बाजारात चढ्या भावाने जे मिळतं, त्यात असे बरेच असतात. मी मार्चची ऑर्डर फारशी घेत नाही, त्याचं कारण हे.

तोडणी झेल्याने, म्हणजे जाळी बांधलेल्या लांब काठीने, सकाळी, बोटभर देठ ठेवून. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि पिकताना तिथे काळे डाग पडतात. मग वजनानुसार निवड, पेंढा घालून पेटी, आणि संध्याकाळच्या गाडीला.

एक हिशोब करून दाखवतो. पुण्यातल्या एका ताईंना अक्षय्य तृतीयेच्या ताटात आमरस हवा होता, आणि पेटी आदल्या दिवशी पोचवा म्हणाल्या. आदल्या दिवशी पोचलेला आंबा कच्चाच असता. पेंढ्यात पिकायला सहा ते आठ दिवस लागतात, उकाडा जास्त असेल तर एखाद-दोन दिवस कमी. म्हणून पेटी सणाच्या आठ दिवस आधी पोचेल अशी तोडणी धरली. त्यांना एवढंच सांगितलं की घरी पोचल्यावर झाकण काढा, पेंढा तसाच ठेवा, एक दिवसाआड आंबे वरखाली करा आणि पिकलेले वेगळे काढा. कच्चा असताना फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीने पिकण्याची क्रियाच बिघडते. पिकल्यावर हवं तर ठेवा. सगळे एकाच दिवशी पिकत नाहीत. वास सुटला आणि देठाजवळ हलकं दाबल्यावर किंचित मऊ लागला की तो कापायचा. कार्बाइड आम्ही वापरत नाही, त्यावर बंदी आहेच. कार्बाइडने रंग झटपट चढतो आणि पेटी एका दमात पिवळी होते, म्हणून एकसारखी पिवळीधमक पेटी दिसली तर मला आनंदापेक्षा शंका जास्त येते.

हंगाम कधी संपतो? वळवाचा पाऊस ठरवतो. पाऊस झाला की फळमाशी वाढते, सालीवर टोचल्याची बारीक खूण दिसते आणि आत अळी. वळीव मोठा झाला की त्यानंतरच्या ऑर्डरी मी बंद करतो आणि ज्यांची राहिली त्यांचे पैसे परत देतो. जूनमध्ये कितीही आग्रह केलात तरी माझ्याकडून हापूस मिळणार नाही. लोणच्याला कैरी मागा, ती देतो.

तर बुकिंग चालू आहे. एप्रिलचा दुसरा पंधरवडा आणि मेचे दोन्ही. कळवताना शहर, डझन आणि आंबा कोणत्या दिवशी खायचा आहे ते लिहा. पेटी कधी हवी ते लिहू नका, ते मी मागे मोजून काढतो.