योगा व्हिडिओ टीव्हीवर, आठवडा ३: चटई सरकवण्याचे उद्योग

मागच्या दोन आठवड्यांत मी फोन टीव्हीवर मिरर करत होतो, म्हणजे फोनची अख्खी स्क्रीन जशीच्या तशी टीव्हीवर, आणि मग वीरभद्रासनात उभा असताना कोणाचा तरी फोन आला की टीव्हीवर त्याचं नाव झळकायचं आणि व्हिडिओ थांबायचा. आता ॲपमधलं कास्टचं बटण दाबतो (चौकोन आणि कोपऱ्यात लहरी, तेच). यात फोन टीव्हीला फक्त कुठला व्हिडिओ ते सांगतो, टीव्ही तो स्वतःच वायफायवरून ओढून घेतो, त्यामुळे फोन लॉक केला तरी चालू राहतो. मधे एकदा कास्टमधे टीव्ही दिसेचना, तर फोन गेस्ट वायफायवर होता. दोन्ही एकाच नेटवर्कवर हवेत, गेस्टवाला बहुतेक वेळा बाकीच्या उपकरणांपासून तोडलेला असतो.

पण खरी डोकेदुखी, म्हणजे मानदुखी, जागेची निघाली. टीव्ही भिंतीवर, त्याचा मध्य जमिनीपासून ५ फूट. उभ्या आसनांना मस्त. भुजंगासनात मात्र डोळे जमिनीपासून जेमतेम १ फुटावर आणि टीव्ही डोक्यापासून ४ फूट लांब, म्हणजे ४५ अंश वर बघायचं, मान आधीच मागे गेलेली असताना! चटई मागे घेऊन अंतर ८ फूट केलं तर कोन साधारण २७ अंशांवर आला. मग टीव्ही खाली काढून बुटक्या टेबलावर ठेवला, मध्य अडीच फुटांवर, आता जेमतेम ११ अंश. टेबल हलतं का ते आधी बघा बरं का, मी उड्या मारल्यावर माझं हललं, आता ते भिंतीला टेकवून ठेवलंय.

चटईची दिशा हा वेगळाच घोळ. चटईचं टोक टीव्हीकडे ठेवलं की सूर्यनमस्कार समोर दिसतो पण त्रिकोणासनात टीव्ही बाजूला जातो, आडवी टाकली की उलटं. मी टोक टीव्हीकडेच ठेवतो आणि त्रिकोणासनापुरता व्हिडिओ आधी एकदा बघून घेतो. पाठीवर झोपायच्या आसनांना फिरून पाय टीव्हीकडे करतो, म्हणजे डोकं थोडं उचललं की दिसतं. सेतुबंधासनात आणि सर्वांगासनात मात्र टीव्हीकडे अजिबात बघत नाही, तेव्हा वजन खांद्यांवर असतं आणि मान वळवली तर दुखापत होऊ शकते. नुसतं ऐकतो, म्हणून तोंडी सूचना नीट देणारेच व्हिडिओ निवडायला लागलोय. अधोमुख श्वानासनात तसंही स्वतःचे पायच दिसतात.

कालची भर: ऑटोप्ले बंद करायला विसरलो आणि शवासनात डोळे मिटलेले असताना पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला, ढाणढाण म्युझिकवाला एरोबिक्सचा. उठून फोन शोधेपर्यंत व्हिडिओतल्या तिघांचा वॉर्मअप उरकला होता.