सांगलीत बसून जर्मन पोर्टलवर कोर्स रजिस्ट्रेशन: माझा अनुभव

मी जर्मनीत मेकॅनिकलचं मास्टर्स करतोय. २०२५ च्या मार्चमध्ये सेमिस्टर ब्रेकला घरी, विश्रामबागला आलेलो. तिकडं समर सेमिस्टर १ एप्रिलला चालू होतं पण लेक्चर्स एप्रिलच्या मध्याला वगैरे, त्यामुळं कोर्स निवडायचं सगळं काम ऐन सुट्टीत येतंय. आणि पोर्टल जर्मनमध्ये. वर कोपऱ्यात भाषा बदलायचं बटन आहे, पण त्यानं फक्त मेनू इंग्रजी होतो, कोर्सची माहिती, नियम, तारखा सगळं जर्मनच राहतं.

नशीब, मिरजेची एक ताई त्याच युनिव्हर्सिटीत माझ्या दोन वर्ष पुढं. तिला फोन लावला तर तिनं पहिलंच सांगितलं, "ब्राउझरचं ऑटो ट्रान्सलेट बंद कर बघू आधी." कारण Abmelden हे बटन लॉगआऊटलाही असतं आणि कोर्समधून नाव काढून घ्यायलाही तेच असतं, ट्रान्सलेट चालू असेल तर दोन्हीकडं लॉगआऊटच दिसू शकतं. म्हणजे बाहेर पडायला म्हणून दाबायचं आणि सीट जायची. बटन पानाच्या अगदी वर आहे की कोर्सच्या नावासमोर आहे हे बघायचं, बास.

मला एक लॅब कोर्स पाहिजे होता, जागा मोजक्याच. मी आपला आपल्याकडच्या तत्काळ तिकिटासारखा विंडो उघडायची वाट बघत बसणार होतो, तर ताई हसली. आमच्याकडं लॅबला पहिला आला त्याला सीट असं नाहीच, मुदतीच्या आत कधीही नाव टाका, मुदत संपल्यावर वाटप होतं. नाव टाकलं की समोर angemeldet येतं. बाबा शेजारीच बसलेले, म्हणाले, "झालं का ॲडमिशन?" म्हटलं नाही हो बाबा, ही नुसती अर्ज पोचल्याची पावती. सीट मिळाली की तिथं zugelassen येतं, आणि नाही मिळाली तर abgelehnt. वाटपानंतर परत जाऊन बघायचं आपलं आपण, मेल येईलच या भरवशावर बसायचं नाही. म्हणून मी एक जादा कोर्सही टाकून ठेवला.

आता खरी गंमत वेळेची. मुदत होती ३१ मार्च, 23:59, अर्थात जर्मनीची वेळ. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागं, म्हणजे आपल्याकडं १ एप्रिलच्या पहाटे ४:२९ पर्यंत वेळ आहे असा हिशेब कुणीही करेल. पण मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळ एक तास पुढं करतात, आणि २०२५ ला तो रविवार म्हणजे ३० मार्च, नेमका गुढीपाडवा! त्या दिवसापासून फरक साडेतीन तासांचा, मुदत पहाटे ३:२९ ला संपणार. चार वाजता उठून करू म्हणणारा गेलाच की. (तसंही शेवटच्या रात्रीवर कशाला ठेवायचं, पण आमच्या ग्रुपमध्ये ठेवणारे आहेत.) मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये मी प्रत्येक मुदत टाकताना टाइम झोन बर्लिन निवडतो, मग हा हिशेब फोन स्वतःच करतो, सांगलीत असो नाहीतर तिकडं.

लॉगिनचंही एक बघून ठेवा. आमच्याकडं पासवर्डनंतर मोबाईलच्या ॲपमधला सहा आकडी कोड लागतो. ॲप असल्यामुळं जर्मन सिमला रेंज नसली तरी चालतंय, पण घरी आल्यावर जुना फोन धाकट्या भावाला देऊन नवीन घेणार असाल तर आधी ॲप नवीन फोनवर हलवा.

एप्रिलमध्ये zugelassen आलं, लॅब मिळाली. घरचे खूश. पण कोर्सला नाव लागलं म्हणजे परीक्षेला लागलं असं नसतंय, आणि आपल्याकडून जाणाऱ्याला हे सुचतच नाही कारण आपल्याकडं परीक्षेचा फॉर्म भरा म्हणून कॉलेजच मागं लागतं. तिकडं परीक्षेचं रजिस्ट्रेशन वेगळं, Prüfungsanmeldung, वेगळ्या पानावर, आणि आमच्याकडं त्याची विंडो मेमध्ये उघडते. ती चुकली तर सेमिस्टरभर लेक्चरला बसूनही पेपर देता येत नाही. उलट बाजूनं, नाव टाकलं आणि नंतर पेपर द्यायचा नाही असं ठरलं तर Rücktritt च्या तारखेआधी नाव काढायचं, नाहीतर गैरहजर राहिलं की 5,0 पडतो, म्हणजे नापास आणि एक ॲटेम्प्ट वाया.

मेमध्ये मी तिकडं परत गेलेलो. ताईनं सांगितल्याप्रमाणं रजिस्ट्रेशन झाल्यावर नाव टाकलेल्या परीक्षांच्या यादीची पीडीएफ काढून ठेवली, तारखेसकट. यादीत लॅबची परीक्षा दिसेना. प्रोफेसरना मेल केला, तर लॅबला पेपर नाही, रिपोर्टवर मार्क देतात आणि ते स्वतःच पोर्टलवर भरतात असं उत्तर आलं. तो मेलही त्या पीडीएफच्याच फोल्डरमध्ये टाकला.