आशाताईची ओळख

आज वाडीवर समाजमंदिरात बायकांची मीटिंग होती, नवीन आशाताईची ओळख मला करून द्यायची होती. मी घरून लिहून नेलेलं, "राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत आरोग्य स्वयंसेविका..." दुसऱ्याच ओळीला मागच्या आजींनी शेजारणीला विचारलं, नर्सबाई आलीय का गं, सुई टोचणार? मग कागद ठेवूनच दिला.

म्हटलं, ही आपल्याच गावची सून. डॉक्टर नाही, नर्स नाही, सुई देत नाही. दवाखान्यात बाळंत होऊन घरी आलात की ही सहा वेळा येणार, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, बाळाचं वजन करणार, ताप बघणार, नाळ बघणार आणि ह्याचे पैसे तिला सरकार देतं, तुम्ही एक रुपया द्यायचा नाही. पण बाळ दूध ओढेना, अंग गार लागलं, श्वास घेताना छाती आत ओढली जातेय असं दिसलं तर तिच्या फेरीची वाट बघायची नाही, तिला फोन करायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा.

मग आजींनाच विचारलं, काय कळलं सांगा. त्या म्हणाल्या, सहा वेळा येते, पैसे घेत नाही. धोक्याचं काहीच राहिलं नव्हतं लक्षात! तेवढंच परत सांगितलं, ह्यावेळी बाहुलीला मांडीवर घेऊन, छाती कुठे बघायची ते बोटाने दाखवून. एका पोरीने विचारलं, घरीच बाळंत झाली तर? तर पहिल्या दिवशी पण येते, म्हणजे सात वेळा.

निघताना आजींनी आशाताईचा नंबर नातवाच्या मोबाईलमध्ये घालून घेतला.